सर्पगंधेची गोळी आणि दोन पेशींमधली फट

रक्तदाबावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रांना आज एकत्रच उत्तर देतो. पहिले पत्र पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे आहे. ती लिहिते, ‘सिनॅप्सपाशी रसायन सुटते, रिसेप्टरला चिकटते आणि परत आत घेतले जाते, एवढे पाठ झाले आहे. पण सोडलेले परत कशाला घ्यायचे, हे कळत नाही.’ दुसरे पत्र एका निवृत्त गृहस्थांचे. रक्तदाबासाठी ते दुकानातून सर्पगंधेच्या गोळ्या आणून घेतात आणि विचारतात, ‘मुळीच आहे ती, तिचा काय अपाय होणार?’ दोन्ही पत्रांचा एकमेकांशी संबंध नाही असे वरवर वाटेल. परंतु सर्पगंधा शरीरात नेमके काय करते हे कळले की विद्यार्थिनीचा प्रश्न आपोआप सुटतो, आणि सिनॅप्स समजल्याशिवाय त्या गृहस्थांना नीट उत्तर देता येत नाही.

आधी सिनॅप्स म्हणजे काय ते पाहू. मज्जातंतूमधून जाणारा निरोप हा विजेच्या लाटेसारखा असतो. ही लाट तंतूच्या टोकापर्यंत धावत जाते आणि तिथे थांबते, कारण पुढची पेशी त्याला चिकटलेली नसते. मध्ये एक फट असते. मी गिरगावात राहतो. आमच्याकडे दोन जुन्या चाळींच्या मधल्या अरुंद बोळाला घरगल्ली म्हणतात. समोरच्या चाळीतला माणूस हाताच्या अंतरावर दिसतो, पण त्याला वस्तू द्यायची तर फेकावीच लागते. दोन पेशींमधली ही घरगल्ली किती रुंद असते? एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एवढी. रक्तवाहिन्यांच्या भिंतीपाशी ती याहून थोडी रुंद असते, पण तत्त्व तेच. वीज ही फट ओलांडत नाही. अलीकडची पेशी एक रसायन सोडते, ते पलीकडे पोचते आणि तिथे निरोप पुन्हा सुरू होतो. ही फट आणि तिच्या दोन्ही काठांवरची यंत्रणा मिळून सिनॅप्स होतो.

रसायने अनेक आहेत. आज आपण मुख्यतः नॉरॲड्रिनॅलिन या एकाचाच पाठपुरावा करू, कारण रक्तवाहिन्या किती आवळून धरायच्या हे ठरवणारे मज्जातंतू तेच वापरतात.

हे रसायन तंतूच्या टोकाला मोकळे पसरलेले नसते. ते अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये भरून ठेवलेले असते. अशा वीस हजार पिशव्या एका रांगेत मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तरीही एका पिशवीत रसायनाचे काही हजार कण मावतात. एवढे कण पिशवीत कोंबायचे तर जोर लागतो. पिशवीच्या आवरणात त्यासाठी पंप असतात. पिशवीच्या आतला द्रव आम्ल असतो. आम्लाचे कण बाहेर पडायला उत्सुक असतात, आणि पंप त्यांना बाहेर सोडता सोडता त्याच फेरीत नॉरॲड्रिनॅलिनचा कण आत ओढून घेतो. दोन आम्लकण बाहेर, एक नॉरॲड्रिनॅलिन आत, असा हा सौदा आहे. हा पंप लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरणार आहे.

विजेची लाट टोकाला पोचली की तिथल्या आवरणातल्या कॅल्शियमच्या झडपा उघडतात. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून अधिक असते, त्यामुळे झडप उघडताच ते आत घुसते. फटीच्या काठाला काही पिशव्या आधीच तयार होऊन टेकलेल्या असतात. कॅल्शियम आले की त्यांचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जाते आणि आतला ऐवज फटीत सांडतो. दोन साबणाचे फुगे एकमेकांना टेकून एक होतात, तसेच काहीसे. लाट येण्यापासून पलीकडच्या पेशीला निरोप लागेपर्यंत वेगवान सिनॅप्समध्ये सेकंदाचा हजारावा भाग, किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

रसायन असे पुडक्यापुडक्यानेच सुटते, हे लंडनमध्ये बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर दाखवले. निरोपाची ताकद कमी-जास्त व्हायची ती एक पुडके, दोन पुडकी, तीन पुडकी अशा हिशोबानेच. अर्धे पुडके कधी दिसले नाही. एका ठिकाणी प्रत्येक लाटेला पिशवी फुटेलच असेही नाही. पुष्कळदा लाट येते आणि काहीच सुटत नाही. शरीराला ते परवडते, कारण अशी ठिकाणे असंख्य आहेत.

आता पलीकडचा काठ. तिथे रिसेप्टर नावाची प्रथिने उभी असतात. इथे विद्यार्थ्यांचा एक ठरलेला गैरसमज होतो, की रसायन पलीकडच्या पेशीत शिरते. ते शिरत नाही. ते दारावरची कडी वाजवते आणि सुटून जाते. आत काय घडायचे ते दार ठरवते, कडी वाजवणारा नाही. म्हणून तेच नॉरॲड्रिनॅलिन रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या अल्फा जातीच्या रिसेप्टरला लागले तर वाहिनी आवळते, आणि हृदयावरच्या बीटा रिसेप्टरला लागले तर ठोके वाढतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या नेमक्या या दारांना कुलूप लावतात. अटेनोलॉल बीटा दारे बंद करते, प्रॅझोसिन अल्फा दारे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर हीच प्रॅझोसिन वापरली ती याच कारणाने. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतूंमधून रसायनाचा पूर सुटतो, आणि पूर थांबवता आला नाही तरी दारे बंद करता येतात.

आता विद्यार्थिनीचा प्रश्न. सोडलेले रसायन परत का घ्यायचे? कडी एकदा वाजली की निरोप पोचला. पण रसायन फटीतच रेंगाळले तर कडी वाजतच राहील. वाहिनी आवळलेलीच राहील आणि पुढचा निरोप वेगळा ओळखू येणार नाही. म्हणजे निरोप देण्याइतकेच तो थांबवणेही महत्त्वाचे आहे. अमेरिकेत ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी खूण केलेले नॉरॲड्रिनॅलिन जनावरांना टोचले आणि ते कुठे जाते ते शोधले. ते मोडून नष्ट होत असेल असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात पुष्कळसे रसायन मज्जातंतूंच्या टोकांत परत शिरलेले सापडले. ज्या अवयवाचे तंतू आधीच कापून टाकले होते, तिथे ते शिरले नाही. यालाच री-अपटेक म्हणतात. त्यात काटकसरही आहे, कारण नवे रसायन बनवण्यापेक्षा जुने उचलून वापरणे स्वस्त पडते. कॅट्झ आणि ॲक्सेलरॉड यांना १९७० मध्ये स्वीडनच्या फॉन ऑयलर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

सगळी रसायने अशी परत घेतली जात नाहीत. स्नायूंना निरोप देणारे ॲसिटिलकोलीन फटीतच एक विकर तोडून टाकते. शेतात फवारणीच्या काही औषधांनी होणारी विषबाधा म्हणजे हे विकर निकामी होणे. मग लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि फडफडणारे स्नायू दिसतात. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परत घेण्याचे काम करणारा पंप पेशीच्या बाहेरच्या आवरणात असतो आणि तो सोडियमच्या जोरावर चालतो. म्हणजे पंप दोन झाले. पहिला फटीतून पेशीत आणतो, दुसरा पेशीतून पिशवीत भरतो. पहिल्या दाराने घरात आलेले सामान कपाटात गेले तरच टिकते. ओसरीवर राहिले तर पेशीतले एक विकर, मोनोॲमाइन ऑक्सिडेज, ते लगेच मोडून टाकते. परीक्षेत मुले या दोन पंपांची हमखास गल्लत करतात. ती टाळायची असेल तर सर्पगंधेची हकिकत ध्यानात ठेवावी.

सर्पगंधेची मुळी वेड आणि निद्रानाश यांवर आपल्या देशात फार पूर्वीपासून दिली जात होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि तिने रक्तदाबही उतरतो असे नोंदवले. पण जगाचे लक्ष गेले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकील यांच्यामुळे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरची निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा रक्तदाबावर भरवशाचे असे औषध जवळपास नव्हतेच. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. तेच रेसर्पिन. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

औषध चालते हे कळले होते, का चालते हे कळत नव्हते. उत्तर त्या दुसऱ्या पंपात निघाले. रेसर्पिन पिशवीवरच्या पंपात असे अडकून बसते की तो पंप जवळजवळ कायमचा बाद होतो. मग काय होते पाहा. लाट नेहमीसारखी येते. कॅल्शियम आत शिरते. पिशवी आवरणात मिसळते. पहिला पंप फटीतले रसायन नेहमीसारखे परत आणतो. पण कपाट बंद, म्हणून विकर ते मोडून टाकते. दर फेरीला साठा घटत जातो आणि शेवटी पिशव्या फुटतात त्या रिकाम्याच. तार शाबूत, घंटी शाबूत, पण निरोप नाही. वाहिन्या सैलावतात, ठोके मंदावतात आणि रक्तदाब उतरतो.

यावरून दोन गोष्टी सहज उलगडतात. रोजच्या लहान मात्रेत साठा हळूहळू संपतो, म्हणून रेसर्पिनचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि गोळी बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही, कारण बाद झालेले पंप दुरुस्त होत नाहीत. नव्या पिशव्यांचे साहित्य मज्जापेशीच्या मूळ भागात बनून तंतूतून टोकापर्यंत प्रवास करत यावे लागते. त्याला कित्येक दिवस, कधी काही आठवडे जातात.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका रुग्णाची हकिकत सांगतो. साठी उलटलेले गृहस्थ, रक्तदाबाची डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमित घेणारे. मुलगा त्यांना घेऊन आला तो ‘बाबांना कंपवात झालाय का बघा’ म्हणून. चाल मंदावली होती, पावले घासत पडत होती, चेहरा निर्विकार झाला होता. चौकशीत आणखी तक्रारी निघाल्या. नाक महिनाभर चोंदलेले होते. सर्दीची गोळी घेऊनही मोकळे होत नव्हते. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. कशातच मन लागत नव्हते. नाडी मोजली तर मिनिटाला ५२. बसून रक्तदाब ११०, उभे केल्यावर वरचा आकडा नव्वदीत.

हातापायांत कंप नव्हता आणि दोन्ही बाजू सारख्याच मंद होत्या. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. सुरुवातही वर्षभरात हळूहळू झालेली नव्हती, तर तीन महिन्यांत झाली होती. अशा वेळी मी घरातल्या सगळ्या बाटल्या आणि पुड्या मागवतो. ‘औषध घेता का’ असे विचारले तर लोक मुळ्या आणि चूर्णे त्यात धरत नाहीत. पिशवीत सर्पगंधेच्या गोळ्या निघाल्या. एका स्नेह्यांनी सुचवल्या होत्या. दिवसाला एक घ्यायची ती त्यांनी झोप चांगली लागते म्हणून तीनवर नेली होती.

आता तक्रारींचा हिशोब लावू. नाकातल्या वाहिन्या नॉरॲड्रिनॅलिनच आवळून ठेवते. ते संपले, वाहिन्या फुगल्या आणि नाक चोंदले. सर्दीच्या काही गोळ्या मज्जातंतूतला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा बाहेर ढकलून काम करतात. साठाच नाही तर ढकलणार काय? हृदयाला वेग देणारा निरोप तुटला म्हणून नाडी ५२. उभे राहताना पायांतल्या वाहिन्या चटकन आवळाव्या लागतात, त्या आवळल्या नाहीत म्हणून अंधारी. डॉक्टरांची गोळी त्यात भर घालत होती. चाल मंदावली ती मेंदूतल्या पिशव्यांमुळे. डोपामीन आणि सिरोटोनिन ही रसायनेही त्याच जातीच्या पंपाने पिशवीत भरली जातात, आणि रेसर्पिन मेंदूत शिरते. सर्पगंधा बंद केली आणि थांबलो. नाक दोन आठवड्यांत सुटले, नाडी त्याच सुमारास सत्तरीवर आली. चाल पूर्ववत व्हायला मात्र जवळजवळ दीड महिना गेला. तेवढे दिवस घरच्यांना धीर देणे हेच मुख्य काम होते.

डोपामीनचे हे कोडे उलगडले तेही रेसर्पिनमुळेच. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून दगडासारखे बसून राहिले. मग त्यांना डोपा टोचले. शरीर यापासून डोपामीन आणि त्यापुढे नॉरॲड्रिनॅलिन बनवते. ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. सिरोटोनिनचा कच्चा माल देऊन पाहिला, तर ते हलले नाहीत. ते उठले तेव्हा त्यांच्या मेंदूत नॉरॲड्रिनॅलिन भरून आलेले नव्हते, म्हणजे काम डोपामीनचे होते. तोपर्यंत डोपामीन हा केवळ मधला टप्पा समजला जाई. इथे एक शंका कोणालाही येईल. पंप बंद असताना ससे उठले कसे? डोपामीन एवढे मुबलक तयार झाले, की पिशवीत न जाताही ते पेशीबाहेर झिरपून कडी वाजवू शकले. पुढे कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन कमी असल्याचे व्हिएन्नात दिसून आले आणि लेव्होडोपाची गोळी आली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

उदासीनतेचे काय? रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते असे १९५० च्या दशकात दिसले. त्यावरून मेंदूतली ही रसायने कमी झाली की नैराश्य येते, असा सिद्धांत उभा राहिला. री-अपटेकचा पंप अडवणारी फ्लुओक्सेटिनसारखी औषधे त्याच विचाराच्या वाटेवरची. पण ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. रेसर्पिन घेणाऱ्या बहुतेकांना नैराश्य येत नाही, आणि जुन्या नोंदी तपासणाऱ्यांनी त्यांतल्या अनेक नोंदींविषयी शंका घेतल्या आहेत. शिवाय फ्लुओक्सेटिन पंप काही तासांतच अडवते, पण मन हलके व्हायला कित्येक आठवडे लागतात. रसायन वाढणे हेच उत्तर असते तर दुसऱ्याच दिवशी बरे वाटायला हवे होते. मधल्या काळात रिसेप्टर आणि पेशींची जोडणी बदलत असावी, असे आज मानले जाते. तेव्हा ‘नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची कमतरता’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नये. पहिल्या आठवड्यात गुण आला नाही म्हणून गोळी सोडूनही देऊ नये.

त्या निवृत्त गृहस्थांना आता सांगता येते. सर्पगंधा निरुपयोगी नाही. रेसर्पिन अगदी लहान मात्रेत, दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आजही काही ठिकाणी रक्तदाबासाठी दिले जाते. पण मुळीत ते किती उतरले आहे हे प्रत्येक मुळीगणिक वेगळे असते आणि गोळीकडे पाहून कळत नाही. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, ज्यांना कंपवात आहे किंवा पोटात व्रण आहे, त्यांनी ती घेऊ नये. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवल्याशिवाय तिच्या जोडीला घेऊ नये. घेत असाल आणि नाक कायम चोंदलेले, नाडी साठीच्या खाली, हालचाल मंद असे काही दिसले, तर गोळ्यांची बाटलीच घेऊन डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे, गोळी आठवड्यापूर्वी बंद केली असली तरीसुद्धा. पिशव्या तोवर भरलेल्या नसतात.